सव्विसाव्या दिवसाचा चंद्र

९ एप्रिल १८७९. दक्षिण जर्मनीतल्या उल्म गावात आइन्स्टाइन कुटुंबातलं बाळ सव्वीस दिवसांचं झालं होतं. त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास चंद्राने, पाश्चात्त्य गणनेप्रमाणे, वृश्चिक रास सोडून धनू राशीत पाऊल टाकलं. चंद्र तेव्हा उल्मच्या क्षितिजाखाली होता, त्यामुळे तो कोणी पाहिला असण्याचा प्रश्नच नाही. तरीही पाश्चात्त्य ज्योतिषाच्या एका पद्धतीनुसार त्या क्षणी जे घडलं ते त्या बाळाच्या वयाच्या सव्विसाव्या वर्षाचं, म्हणजे जुलै १९०५ चं सूचन होतं. आणि १९०५ हे अल्बर्ट आइन्स्टाइनच्या आयुष्यातलं कोणतं वर्ष, हे शाळेतली मुलंही सांगतात.

या पद्धतीला ‘सेकंडरी प्रोग्रेशन’ म्हणतात. तिचा नियम एका ओळीत मावतो: जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे आयुष्यातलं एक वर्ष. दहाव्या दिवशी ग्रह जिथे असतील ते दहाव्या वर्षाचं चित्र, चाळिसाव्या दिवशी असतील ते चाळिसाव्या वर्षाचं. आइन्स्टाइन १८ एप्रिल १९५५ रोजी, शहात्तर वर्षं पूर्ण करून गेले. या हिशेबाने त्यांचं सारं आयुष्य १४ मार्च ते मे १८७९ च्या अखेरीपर्यंतच्या आकाशात सामावतं. अडीच महिन्यांच्या ग्रहगतीत एक अख्खा माणूस!

दिवसाला वर्ष का मानायचं? याचं भौतिक कारण कोणी दिलेलं नाही, आणि ते मागायला गेल्यास पद्धतीचे जाणकारही प्रतीकाकडे बोट दाखवतात: पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी आणि सूर्याभोवती एक फेरी, लहान चक्रात मोठ्या चक्राचं बीज. बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकात एका दिवसाला एक वर्ष धरण्याचा उल्लेख आहे, तोही आधाराला घेतला जातो. ज्योतिषात ही पद्धत मांडली ती सतराव्या शतकातल्या प्लासिडस या इटालियन साधूने. तो पाविया इथे गणित शिकवायचा. तिला ‘सेकंडरी’ म्हणजे दुय्यम म्हणायचं, कारण तेव्हा मान होता ‘प्रायमरी’ पद्धतीला. तिच्यात पृथ्वीच्या दैनंदिन फिरण्यातला एक अंश म्हणजे एक वर्ष. पृथ्वी एक अंश फिरायला चारच मिनिटं घेते, म्हणून जन्मवेळ चार मिनिटांनी चुकली की भाकीत वर्षभराने सरकायचं; शिवाय त्रिकोणमितीची आकडेमोड डोकं फिरवणारी. दुय्यम पद्धतीला मात्र पंचांगासारखी एक ग्रहस्थितीची वही आणि बोटांवर दिवस मोजण्याइतका धीर पुरतो.

लोकांपर्यंत ती पोचवली लंडनच्या ॲलन लिओने. १८६० साली जन्मलेला हा गृहस्थ थिऑसॉफिस्ट होता, त्या निमित्ताने भारतातही येऊन गेला होता. त्याने या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि टपालाने पत्रिका पाठवण्याचा मोठा व्यवसाय उभारला. भविष्य सांगणं हा त्या काळच्या इंग्लंडात गुन्हा होता. लिओवर १९१४ साली खटला झाला, त्यातून तो सुटला. १९१७ मध्ये दुसऱ्यांदा झाला, तेव्हा पाच पौंड दंड बसला. त्याचा बचाव असा होता की, आपण घटना सांगत नाही, फक्त कल सांगतो. काही आठवड्यांतच तो वारला, पण ‘कल सांगतो’ ही भाषा मात्र टिकली. आजचे पाश्चात्त्य ज्योतिषी प्रगत चंद्राबद्दल ‘या काळात मनाचा ओढा अमुक गोष्टीकडे राहील’ असं बोलतात, त्या बोलण्यात थोडा वाटा न्यायालयाच्या धाकाचाही आहे.

आता चंद्राकडेच का पाहायचं? कारण बाकीचे जवळपास जागचे हलत नाहीत. सूर्य दिवसाला एक अंश सरकतो, म्हणजे प्रगत सूर्य तीस वर्षांत एकदा रास बदलतो. गुरू, शनी यांची तर शंभर दिवसांतही फारशी मजल जात नाही. चंद्र मात्र सव्वासत्तावीस दिवसांत राशिचक्राची फेरी पुरी करतो, म्हणून प्रगत चंद्राची फेरी सव्वासत्तावीस वर्षांची होते. घड्याळातला सेकंदकाटा म्हणावा तसा तो एकटाच डोळ्यांना हलताना दिसतो.

इथे ‘दर अडीच वर्षांनी रास बदलते’ हे वाक्य तपासायला हवं, कारण जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ते असतं आणि ते ढोबळ आहे. सव्वासत्तावीस वर्षांना बारा राशींनी भागलं तर एका राशीच्या वाट्याला सव्वादोन वर्षांच्या थोडं वर येतं, अडीच नव्हे. अडीच वर्षांचा हिशेब खरा बसतो तो शनीच्या भ्रमणाला. मराठी घरांत साडेसातीचे तीन अडीचके तोंडपाठ असतात, त्यामुळे आपल्याकडे ही गल्लत अधिकच सोपी. त्यातून चंद्र एका चालीने चालतही नाही. पृथ्वीच्या जवळ असताना तो दिवसाला सव्वापंधरा अंशांपर्यंत धावतो, दूर असताना पावणेबारावर येतो. म्हणून कोणाचा प्रगत चंद्र एक रास दोन वर्षांच्या आत ओलांडतो, तर कोणाचा तीच रास अडीच वर्षं रेंगाळत पार करतो. कोणत्या राशीत धावेल आणि कोणत्या राशीत रेंगाळेल, हे जन्मानंतरच्या दिवसांत चंद्र पृथ्वीच्या जवळ कुठे आला त्यावर ठरतं.

आइन्स्टाइनच्या पत्रिकेत ही दोन्ही टोकं दिसतात, आणि त्यांची जन्मवेळ नोंदणीच्या दाखल्यात आहे: सकाळी साडेअकरा. म्हणून हेच उदाहरण पायरीपायरीने करून पाहणं सोयीचं.

जन्माच्या वेळी चंद्र धनू राशीच्या साडेचौदा अंशांवर होता. १९०५ चा वाढदिवस म्हणजे सव्वीस वर्षं पूर्ण; म्हणून १४ मार्च १८७९ नंतर सव्वीस दिवस मोजायचे, की ९ एप्रिल येतो. त्या दिवशी जन्माच्याच वेळेला चंद्र वृश्चिकेच्या २५ अंशांवर होता. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, त्याच वेळेला तो धनूच्या जवळपास १० अंशांवर पोचला. म्हणजे दिवसभरात पंधराला थोडे कमी अंश चालला. हा दिवस आता वर्ष झाला आहे, म्हणून चालीला बाराने भागायचं: महिन्याला सव्वा अंशाच्या आसपास. वृश्चिकेचे उरलेले पाच अंश संपवायला चार महिने. १४ मार्च १९०५ मध्ये चार महिने मिळवले की जुलैचा मध्य येतो. एवढंच गणित आहे. काटेकोर केलं तरी एखाद्या दिवसाचाच फरक पडतो.

मागे-पुढे तसंच मोजलं तर हा चंद्र वृश्चिकेत जुलै १९०३ मध्ये आला होता आणि दोन वर्षांना काही दिवस कमी असतानाच बाहेर पडला. धनू ओलांडायला त्याला दोन वर्षं एक महिना लागला. उलट वृषभेत तो मार्च १९१७ च्या अखेरीस शिरला आणि १९१९ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथेच राहिला: पूर्ण अडीच वर्षं. एकाच माणसाच्या पत्रिकेत सहा महिन्यांचा फरक.

राशिबदलाचा अर्थ लावण्याची रीत अशी. वृश्चिक म्हणजे आत खणणं, एकांत, एखाद्या गोष्टीचा छडा लागेपर्यंत न सोडणं. धनू म्हणजे दूरचं पाहणं, सिद्धान्त, परदेश, प्रकाशन. चंद्र एकीतून दुसरीत गेला की माणसाची भूक बदलते, असं हे शास्त्र मानणारे सांगतात. सीमेवरच्या एखाद्या दिवशी काही आदळेलच असं नाही, पण आधीच्या राशीचं काम शिळं वाटू लागतं आणि नव्याची चाहूल लागते. सोबत चंद्र कुंडलीतल्या कोणत्या स्थानातून जातो आणि जन्मग्रहांशी कोणते योग करतो तेही पाहतात. नुसत्या राशीवर सारं भविष्य रचणारा ज्योतिषी त्यांच्यातही उथळच समजला जातो.

बर्नच्या पेटंट कार्यालयातला तिसऱ्या श्रेणीचा कर्मचारी दिवसा अर्ज तपासतो, रात्री भौतिकी करतो, आणि मग एकाच वर्षात त्याचे निबंध ‘आनालेन डेर फिजिक’मध्ये झळकतात: वृश्चिक ते धनू याहून देखणं उदाहरण शोधूनही सापडू नये. पण तारखा जरा जवळून पाहा. प्रकाशकणांवरचा निबंध मार्चमध्येच संपादकांकडे पोचला होता. ब्राउनच्या गतीवरचा मे महिन्यात. सापेक्षतेवरचा ३० जूनला. चंद्राने रास बदलली ती त्यानंतर दोन आठवड्यांनी! बहुतेक मोठं काम वृश्चिकेत झालं होतं. छापून आलं बव्हंशी धनूत: सापेक्षतेचा निबंध सप्टेंबरअखेर प्रसिद्ध झाला.

ज्योतिष्याची यामुळे काहीच अडचण होत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. लिहिण्याची तारीख धरली तर ‘वृश्चिकेतली खोल शोधवृत्ती’, छापण्याची धरली तर ‘धनूतलं प्रकाशन’. दोन्ही उत्तरं सारख्याच आत्मविश्वासाने देता येतात. शिवाय एक तिसरी वाट आहे. एक दिवस म्हणजे वर्ष, तर एक तास म्हणजे सुमारे पंधरा दिवस आणि चार मिनिटं म्हणजे एक दिवस. दाखल्यातली साडेअकराची वेळ खरं तर बारा वाजून वीस मिनिटं होती असं मानलं, की राशिबदल नेमका ३० जूनच्या आसपास येतो. घटनेवरून जन्मवेळ अशी मागे-पुढे करण्याला जन्मवेळेची शुद्धी म्हणतात, आणि आपल्याकडच्या ज्योतिष्यांनाही ती परिचित आहे. तिचा धोका उघड आहे: आधी घटनेवरून वेळ ठरवायची आणि मग त्या वेळेवरून घटना सिद्ध करायची. वेळ मुळीच ठाऊक नसेल, फक्त तारीख असेल, तर राशिबदलाची तारीख दोन्ही बाजूंना सहा-सहा महिने सरकू शकते. अशा पत्रिकेवर महिना सांगणाऱ्याला सरळ प्रश्न विचारावा.

तरी न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा, कारण याच पत्रिकेत दोन बदल असे आहेत की कोणीही क्षणभर थबकावं. १९१७ साली आइन्स्टाइन पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, वजन झपाट्याने उतरलं. एल्साने त्यांना खाऊपिऊ घालून उभं केलं, आणि १९१९ च्या जूनमध्ये दोघांनी लग्न केलं. हा सारा काळ वृषभेचा: शरीर, अन्न, घर, स्थैर्य. ऑक्टोबर १९१९ मध्ये चंद्र मिथुनेत गेला, आणि मिथुन ही बातमीची, बोलण्या-लिहिण्याची रास. त्यानंतर महिन्याभरातच, ६ नोव्हेंबरला, लंडनमध्ये सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांचे निष्कर्ष जाहीर झाले. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे वाकतो, असं ते निष्कर्ष सांगत होते. दुसऱ्या दिवशी ‘टाइम्स’ने ते छापलं आणि बर्लिनचा प्राध्यापक जगाच्या वर्तमानपत्रांत पोचला.

दुसरा बदल याहून नाट्यमय. सत्तावीस वर्षांची फेरी पुरी करून चंद्र पुन्हा धनूत आला तो डिसेंबर १९३२ च्या तिसऱ्या आठवड्यात. धनू म्हणजे परदेश आणि दूरचा प्रवास. आइन्स्टाइन १० डिसेंबरला जहाजाने अमेरिकेला निघाले होते. जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि जर्मनीच्या भूमीवर त्यांनी पुन्हा पाय ठेवला नाही.

हे वाचून मान डोलावण्याआधी जे जुळलं नाही तेही मांडायला हवं. दोन वर्षं नोकरीसाठी वणवण केल्यावर १९०२ च्या जूनमध्ये पेटंट कार्यालयात काम मिळालं, तेव्हा प्रगत चंद्र तुळेच्या मध्यावर निवांत होता. १९१५ च्या नोव्हेंबरात सामान्य सापेक्षतेची समीकरणं पूर्ण झाली. आयुष्यातलं हे सर्वांत मोठं काम, आणि चंद्र मेषेच्या चौदाव्या अंशाजवळ. दोन्ही बाजूंच्या सीमा वर्षभराहून लांब. १९२२ च्या नोव्हेंबरात नोबेल जाहीर झालं, तेव्हा कर्केत शिरून सात महिने लोटले होते. या तिन्ही वेळी राशीच्या मध्यातूनही काहीतरी अर्थ काढता येतो, हे खरं; मेषेला धाडसी आरंभाची रास म्हणतात, ते समीकरणांना चिकटवता येईलच. मग राशिबदलाला वेगळं महत्त्व उरतं कुठे?

इथे साधं गणित उपयोगी पडतं. रास सरासरी सव्वासत्तावीस महिन्यांनी बदलते. घटना बदलाच्या आगेमागे तीन महिन्यांत घडली तर ‘जुळली’ म्हणायचं ठरवलं, तर सव्वासत्तावीस महिन्यांपैकी सहा महिने जुळणारेच ठरतात. म्हणजे कोणतीही घटना, चंद्राचा काडीचाही संबंध नसताना, पाचात एकदा तरी जुळणार. सूट सहा महिन्यांची दिली तर जवळपास निम्म्या घटना जुळतील. त्यात आयुष्यात ठळक घटना पुष्कळ, आणि कोणती उदाहरणं पुस्तकात घ्यायची हे लेखकाच्या हातात. १९१९ आणि १९३२ या तारखा इथे आल्या त्या जुळतात म्हणूनच आल्या. इतर कोणाच्या पत्रिकेत दुसऱ्याच दोन तारखा चमकल्या असत्या.

मराठी वाचकाला आणखी एक पेच पडेल. वरच्या साऱ्या राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या आहेत. आपल्या पंचांगाची निरयन गणना यापेक्षा मागे असते. १८७९ साली हा फरक बावीस अंशांच्या घरात होता. त्यामुळे पुण्या-मुंबईचा ज्योतिषी आइन्स्टाइनची रास धनू न सांगता वृश्चिक सांगेल, नक्षत्र ज्येष्ठा. आणि हाच प्रगत चंद्र निरयन धनूत पोचेल तो १९०५ मध्ये नव्हे, १९०७ च्या सुरुवातीला. चंद्र तोच, दिवस तोच, फक्त सीमारेषा सरकली की दीड वर्षाचा फरक. दोन्ही गणना वापरणारे लोक आपापल्या तारखांना घटना जुळल्याचं सांगतात. एकाच सीमेबद्दल दोघेही बरोबर असणं कठीण.

विंशोत्तरी महादशेची सवय असलेल्याला हा प्रकार परका वाटणार नाही. तिथेही जन्माच्या वेळी चंद्र नक्षत्रात किती पुढे गेला आहे यावरून आयुष्याचे तुकडे पाडले जातात, आणि नक्षत्रातलं थोडंसं अंतर वर्षांमध्ये ताणलं जातं. फरक असा की महादशांची वर्षं ठरीव आहेत, शुक्राची वीस आणि सूर्याची सहा. प्रगत चंद्राची मुदत मात्र आकाशातल्या खऱ्या चंद्राच्या चालीवर ठरते, म्हणून ती कोणालाही वही उघडून तपासता येते. या पद्धतीचं गणित स्वच्छ आहे. डळमळीत आहे तो गणितानंतर लावलेला अर्थ. सव्वादोन वर्षांनी थांबून ‘मागच्या दोन वर्षांत आपला ओढा कुठे होता’ असं स्वतःला विचारायला निमित्त म्हणून कोणी ती वापरत असेल, तर त्यात काही बिघडत नाही. लग्नाची, नोकरी सोडण्याची किंवा शस्त्रक्रियेची तारीख तिच्यावर ठरवणं हा मात्र शुद्ध अविचार आहे.

ज्यांना स्वतः पडताळायचं असेल त्यांनी क्रम उलटा ठेवावा. आधी आयुष्यातल्या दहा ठळक घटना महिना-वर्षासह कागदावर लिहाव्यात, आणि प्रत्येकीची कोणती तारीख धरायची हेही तेव्हाच ठरवून टाकावं. जन्मवेळ दाखल्यावरची घ्यावी आणि नंतर तिला हात लावू नये. मग ज्याने ती यादी पाहिलेली नाही अशा कोणाकडून राशिबदलाच्या तारखा काढून घ्याव्यात. तीन महिन्यांच्या सुटीत दहांपैकी दोन घटना जुळल्या, तर त्या नुसत्या योगायोगानेही जुळल्या असत्या.